पुढच्या रविवारचं उत्तर

जो माणूस पहिल्याच भेटीत पगार विचारतो, वेटरला अरेतुरे करतो किंवा आपलं बोलणं मध्येच तोडून स्वतःचं पुढं चालू ठेवतो, त्याला नाही म्हणायला फारसा विचार करावा लागत नाही. दोन ओळी लिहायच्या आणि मोकळं व्हायचं. मन कुठं अडकत असेल तर ते चांगल्या माणसापाशी. तो वेळेवर येतो, नीट ऐकतो, आपल्याला घरी पोचायला उशीर होणार नाही याची काळजी घेतो, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचा मेसेज येतो. मला आलेला असा होता:

"कालची संध्याकाळ छान गेली. पुढच्या रविवारी दंडोबाला जाऊया का? सकाळी लवकर निघालो तर ऊन चढायच्या आत परत येऊ. मी मिरजेत येऊन तुला घेईन."

या मेसेजमध्ये नाव ठेवायला कुठंही जागा नाही. विचारलंय, गृहीत धरलेलं नाही. ठिकाण सांगितलंय, वेळ सांगितलीय, उन्हाचा विचार केलाय, मला सांगलीपर्यंत यायला लागू नये हेही बघितलंय. आणि तो वाचता वाचताच मला कळलं होतं की आपण जाणार नाही.

तो कुपवाडच्या एमआयडीसीत एका कारखान्यात आहे आणि सांगलीत गावभागात राहतो. ओळख आमच्या ऑफिसातल्या एका ताईंनी करून दिली. घरच्यांना इतक्यात मध्ये घेऊ नका, आधी तुम्ही दोघं भेटून बघा, असं त्यांचं म्हणणं. तसे आम्ही विश्रामबागेतल्या एका कॅफेत भेटलो आणि बोलणं सुरू झालं ते महापुरावर आलं. सांगलीत दोन अनोळखी माणसं अर्धा तास बोलली की पूर येतोच. 2019 च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी 57 फुटांच्या वर गेली होती. तिथं धोक्याची पातळीच 45 फूट धरतात, त्यावरून बाहेरगावच्या माणसानं काय ते समजावं. गावभागात घराघरांत पाणी शिरलेलं, आणि त्याच्या शेजारच्या आजी काही केल्या घर सोडायला तयार होईनात. शेवटी त्यांनी देवघरातले देव एका स्टीलच्या डब्यात भरले, झाकणाला चारी बाजूंनी चिकटपट्टी लावली, डबा पोटाशी धरला आणि म्हणाल्या, "हं, चला आता." गोष्ट सांगताना तो मनापासून हसत होता. मी विचारलं, "मग त्या बाहेर कशा आल्या?" तेव्हा जरा थांबून म्हणाला, "पाठीवर घेतलं त्यांना. पाणी छातीपर्यंतच होतं." विचारलं नसतं तर एवढंही त्यानं सांगितलं नसतं.

तर असा माणूस. मला तो आवडला, आणि तरी ओढ वाटली नाही. या दोन गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात हे मान्य करायलाच पहिला वेळ जातो. आपल्याकडं चांगला मुलगा नाकारणं म्हणजे अंगात येणं, असं लहानपणापासून कानावर पडलेलं असतं. त्यामुळं नाही म्हणायच्या आधी बाई स्वतःशीच भांडायला लागते. काय कमी आहे त्याच्यात? एका भेटीत काय कळतं? अजून एकदा भेटायला काय हरकत आहे?

शेवटच्या प्रश्नाला मी खरंच मान देते, कारण कधी कधी त्याचं उत्तर 'काहीच हरकत नाही' असंच असतं. पहिल्या भेटीत दोघंही अवघडलेले असतात. गप्पा अडखळल्या, समोरचा फार कमी बोलला, आपलंच डोकं दुखत होतं, असं काही असेल आणि मन नक्की कुठंच झुकत नसेल, तर दुसऱ्यांदा भेटावं. कळलं नसेल तर भेटण्यात दोघांचाही फायदा आहे. माझं तसं नव्हतं. आम्ही सहज बोललो होतो, हसलो होतो, अवघडलेपण कुठंच नव्हतं. दंडोबाचा विचार करताना माझ्या डोळ्यांपुढं येत होतं ते असं की माझी मैत्रीण बरोबर आहे, भाऊ-वहिनी आहेत, सगळे मिळून डोंगर चढतोय आणि मजा येतेय. त्यातून बाकीच्यांना वजा करून दोघंच उरवले की मन मागं सरायचं. कुठलंही चित्र काढलं तरी असंच व्हायचं. ज्याला एवढं कळलेलं आहे त्यानं केवळ भिडेखातर दुसऱ्यांदा जाऊ नये. कारण दुसऱ्या भेटीला समोरचा मोकळा होऊन येतो, घरातल्या गोष्टी बोलतो, कदाचित आईला सांगून येतो. पहिल्या भेटीनंतरचं नाही त्याला दोन दिवस लागेल, दुसऱ्या-तिसऱ्या भेटीनंतरचं नाही त्याहून कितीतरी जास्त.

म्हणजे ठरलं होतं. प्रश्न उरला तो लिहिण्याचा.

आपल्याकडं नकार द्यायची जुनी पद्धत आहे आणि तिला नावं ठेवावीत असं मला वाटत नाही. पोहे खाऊन उठताना मुलाकडचे "कळवतो" म्हणायचे. पंधरा दिवस गेले, फोन आला नाही, की मुलीच्या घरी काय ते समजायचं. फारच आग्रहानं विचारणा झाली तर "पत्रिका जुळत नाही हो," असं उत्तर यायचं. यात एक शहाणपण होतं. दोन्ही घरं पुढच्या लग्नसराईत कुठल्या ना कुठल्या मांडवात समोरासमोर येणारच असायची. दोष ग्रहांवर टाकला की कुणाच्या मुलीत काही कमी निघत नसे, कुणाच्या मुलाचा अपमान होत नसे. शिवाय निरोप नेणारं कुणीतरी मध्ये असायचं, एखादे मामा, एखादे गुरुजी, आणि बोलण्यातली धार त्यांच्या तोंडून येईपर्यंत बोथट व्हायची.

दोन माणसं आपापली ठरवून भेटतात तेव्हा मध्ये कुणी नसतं. आणि गप्प बसणं आता पूर्वीसारखं राहिलेलं नाही. पूर्वी फोन आला नाही तर मनाला समजावता यायचं की गडबडीत असतील, फोन बंद असेल. आता त्याला निळ्या टिका दिसतात. आपण ऑनलाइन आहोत हे दिसतं, दुपारी भाचीच्या वाढदिवसाचं स्टेटस टाकलेलं दिसतं. जी शांतता पूर्वी सौम्य होती ती आता दर दोन तासांनी टोचते. म्हणून 'काहीच न कळवणं हेच कळवणं' हा मार्ग माझ्या मते चांगल्या माणसाच्या बाबतीत बंद आहे.

मी त्या संध्याकाळी फोन घेऊन बसले तेव्हा वहिनी भाजी निवडत होती. "एवढं काय लिहालीस गं? मार्चएंड आहे, कामाचा लोड आहे म्हण की. त्यात काय एवढं?" म्हणाली. माझी वहिनी मनानं फार चांगली आहे आणि तिनं सुचवलेलं कारण शंभरातली नव्वद माणसं देतात. पण ते कारण हातात धरून मी नीट बघितलं. कामाचा लोड आहे म्हटलं तर तो काय करेल? तो समजूतदार आहे, म्हणजे तो म्हणेल, हरकत नाही, काम आटपू दे, मग भेटू. आणि एप्रिल लागला की विचारेल. तो हट्टी आहे म्हणून नव्हे. मीच त्याला तारीख दिलेली असेल म्हणून.

मग मी एकेक कारण असंच तपासलं. अंतराचं कारण दिलं तर सांगली-मिरज आठ-दहा किलोमीटर, त्यानं आधीच मिरजेत यायचं कबूल केलेलं. घरचे तयार नाहीत म्हटलं तर चांगला माणूस घरच्यांशी बोलायची तयारी दाखवतो, आणि मग त्या न घडलेल्या विरोधाचं खापर माझ्या आई-वडिलांच्या माथी. "मी अजून लग्नाच्या विचारात नाही" हे सगळ्यांत सोपं वाटतं आणि सगळ्यांत लवकर उघडं पडतं. सांगली-मिरज-कुपवाड ही महापालिका कागदावर मोठी असली तरी माणसांच्या ओळखीपाळखीत ती एका गल्लीएवढीच आहे. चार महिन्यांनी माझं कुठं जुळलं तर ते त्याला ताईंकडून कळेल, नाहीतर कुणाच्या तरी फोटोत दिसेल. नकाराचं वाईट तोवर विरून गेलेलं असेल, पण आपल्याला खोटं सांगितलं गेलं हे नव्यानं लागेल.

या सगळ्या कारणांत एक गोष्ट सारखी आहे. त्यांतल्या प्रत्येकावर तोडगा निघतो. समोरचा माणूस जितका चांगला, तितका तो तोडगा काढायला तत्पर. त्याला आपण एक गणित घातल्यासारखं होतं. तो ते प्रामाणिकपणे सोडवतो आणि उत्तर घेऊन येतो, आणि आपण दुसरं गणित घालतो. ज्यावर तोडगा नाही असं एकच कारण आहे आणि तेच खरं आहे: मला तसं वाटलं नाही. त्यावर वाद होत नाही. त्यात त्याचा दोष नाही, माझाही नाही. ते लिहायला मात्र धीर लागतो, कारण त्याच्या आडोशाला उभं राहायला काही नसतं.

माझा पहिला मसुदा असा होता:

"हाय, सॉरी, उशिरा रिप्लाय करतेय. तू खरंच खूप चांगला आहेस, खूप समजूतदार, खूप केअरिंग, कुठल्याही मुलीला आवडशील असाच. प्लीज गैरसमज करून घेऊ नकोस. पण मला सध्या असं वाटतंय की कदाचित आपण इतक्यात पुढं नको जायला. माझंच काहीतरी कन्फ्यूजन आहे. आपण छान मित्र नक्की राहू शकतो. सॉरी, खरंच सॉरी."

लिहिताना यातला शब्द न् शब्द मला प्रेमळ वाटत होता. मग मी तो त्याच्या जागी बसून वाचला. म्हणजे कसा, तर ज्याला हो हवंय त्याच्या डोळ्यांनी. आशा धरून बसलेला माणूस मेसेज सरळ वाचत नाही, आशेला टेकायला जागा कुठं मिळते ते बघत वाचतो. आणि इथं जागाच जागा होती. 'सध्या' म्हणजे पुढं कधीतरी. 'कदाचित' म्हणजे नक्की नाही. 'इतक्यात' म्हणजे थोडं थांबायला हवं. 'कन्फ्यूजन' म्हणजे ते दूर करता येईल. आणि 'मित्र राहू' म्हणजे भेटत राहायचं, मग हळूहळू होईलही. हे वाचून तो पुढच्या रविवारी पुन्हा विचारेल का, असा प्रश्न मी स्वतःला केला. उत्तर सरळ होतं, विचारेल. चांगल्या मनानं, जरा जास्तच हळुवारपणे विचारेल. म्हणजे या मेसेजनं नकार दिलेलाच नव्हता. नकार द्यायचं काम त्यानं पुढच्या कुठल्या तरी दिवसावर ढकललेलं होतं.

कौतुकाचंही तसंच. "कुठल्याही मुलीला आवडशील" असं वाचल्यावर माणसाच्या मनात पहिला प्रश्न हाच येणार की मग तुला का नाही? विशेषणांची रास घातली की ते सांत्वन होतं, आणि सांत्वनात समोरच्याला आपण खाली बसवतो. कौतुक करायचं तर एकाच गोष्टीचं करावं, खरी घडलेली असेल अशी, दुसऱ्या कुणाला पाठवता येणार नाही अशी. माफीही एवढी लागत नाही. त्यानं विचारलं, मी उत्तर दिलं. यात मी त्याचं काही बिघडवलेलं नाही. तीन वेळा सॉरी म्हटलं की "अगं, सॉरी कशाला, ठीक आहे," असं म्हणत मलाच समजवायची पाळी त्याच्यावर येते.

मैत्रीचा मुद्दा मात्र मला जास्त विचार करायला लावून गेला, कारण त्याच्याशी मैत्री खरंच आवडली असती. दंडोबाला सगळ्यांनी मिळून जायचं ते चित्र खोटं नव्हतं. तरी मी ते वाक्य काढलं. नकाराच्या त्याच मेसेजमध्ये मैत्री देऊ केली की ती मोबदल्यासारखी येते, आणि समोरच्याला तिथल्या तिथं उत्तर देणं भाग पडतं. नको म्हणाला तर मनाला लावून घेतलं असं दिसणार, हो म्हणाला तर आशा न सोडता जवळ राहिल्यासारखं. मैत्री व्हायची असेल तर ती नंतर, त्याच्या बाजूनं, त्याच्या सवडीनं व्हावी.

दुसरा मसुदा लहान झाला. त्यात एक ओळ होती, "आजींची गोष्ट तर मी घरीही सांगितली." ती मला फार आवडली होती. वहिनीला वाचून दाखवल्यावर ती निवडलेल्या मेथीची जुडी तशीच धरून म्हणाली, "घरी सांगितली म्हटलंस की त्याला वाटणार, घरात माझा विषय निघाला." बरोबर होतं. मी बघून बघून न दिसलेली जागा तिला एका ऐकण्यात दिसली. म्हणून पाठवायच्या आधी दुसऱ्या एका माणसाला, ज्याच्या पोटात गोष्ट राहते अशाला, मोठ्यानं वाचून दाखवावं असं मी सुचवेन. ग्रुपवर टाकून मतं मागवू नयेत. तो मेसेज एका माणसासाठी आहे, आणि त्याच्याआधी तो सहाजणींनी वाचलेला असणं त्याला कळलं नाही तरी बरं नाही.

शेवटी मी पाठवला तो हा:

"तुझा मेसेज सकाळीच वाचला. नीट विचार करून लिहावं म्हणून थांबले. कालची संध्याकाळ मलाही आवडली, आणि आजींची गोष्ट लक्षात राहील. पण जोडीदार म्हणून आपण पुढं जावं असं मला वाटत नाही, त्यामुळं रविवारी मी येणार नाही. तू मोकळेपणानं विचारलंस, म्हणून मीही स्पष्ट सांगते आहे."

पहिल्या वाक्यानं दिवसभराच्या निळ्या टिकांचा उलगडा होतो. तिसऱ्यात कौतुक आहे, पण एकाच खऱ्या गोष्टीचं. चौथं वाक्य हे खरं काम. त्यात मी 'जोडीदार म्हणून' हे मुद्दाम घातलं, कारण माणूस म्हणून तो नापसंत नव्हता आणि हा फरक त्याच्यापर्यंत पोचायला हवा होता. आणि 'रविवारी येणार नाही' हेही मुद्दाम. त्यानं जे विचारलं होतं त्याचं थेट उत्तर कुठंतरी असावं लागतं, नाहीतर सगळं वाचून झाल्यावर "मग रविवारचं काय?" हे उरतंच. शेवटी शुभेच्छा द्याव्यात असं एकदा वाटलं, पण एका भेटीतल्या माणसाला 'पुढील आयुष्यासाठी' काही लिहिलं की ते निरोप समारंभातल्या भाषणासारखं होतं. हात जोडलेली इमोजीही नको वाटली. तिचा अर्थ प्रत्येकजण वेगळा लावतो.

'तू' की 'तुम्ही', यावर मी बोट थांबवलं होतं खरं. पहिल्या दिवशी ताईंनी नंबर दिला तेव्हा आम्ही दोघंही 'तुम्ही'वर होतो. कॅफेतून निघताना त्यानं विचारून 'तू' सुरू केलं होतं. नकार लिहिताना हात आपोआप 'तुम्ही'कडं जातो. अंतर राखायचं असतं ना, मग ते तिथूनच सुरू होतं. पण काल 'तू' म्हणणाऱ्या व्यक्तीनं आज 'आपल्याला भेटून आनंद झाला' असं लिहिलं तर पहिल्याच शब्दाला माणूस गार पडतो, पुढचं वाचायच्या आधीच. जिथं संबोधन पोचलेलं आहे तिथंच ते ठेवावं. नकारासाठी ते मागं ओढायची गरज नसते.

वेळेचं म्हणाल तर मी त्याच दिवशी संध्याकाळी साडेसातनंतर पाठवला. सकाळी पाठवला असता तर तो शिफ्टवर, मशिनपुढं, चार सहकाऱ्यांच्या मध्ये वाचणार. रात्री अकराला पाठवला तर झोप जाते, आणि रात्री माणूस उत्तरही लांबलचक लिहितो, मग सकाळी त्याचा त्यालाच त्रास होतो. कामावरून घरी आलाय, चहा झालाय, अजून बाहेर एक चक्कर मारता येईल, अशी वेळ मला बरी वाटली. उत्तर एक-दोन दिवसांत जावं. त्याहून उशीर झाला तर तो वाट बघण्यातच उत्तर वाचून मोकळा होतो, आणि मग आपला मेसेज नुसता जखमेवर हात लावायला जातो. पाठवल्यावर काही शब्द खटकले तर व्हॉट्सॲपवर पंधरा मिनिटं दुरुस्ती करता येते, पण या मेसेजला ती करू नये; समोर उघडा असताना शब्द बदललेला दिसला की तो का बदलला याचा शोध सुरू होतो. आणि डिलीट तर मुळीच नको.

फोन का नाही केला, असं नंतर एका मैत्रिणीनं विचारलं. चार-सहा वेळा भेटलेल्या माणसाला मी फोन केला असता, किंवा समोर बसूनच सांगितलं असतं. एका भेटीनंतर मेसेज बरा, कारण फोनवर त्याला त्याच क्षणी आवाज सांभाळावा लागतो. घरात आई समोर बसलेली असते, बाजूला टीव्ही चालू असतो, आणि तो "हो हो, काही प्रॉब्लेम नाही" म्हणत असतो. लिहिलेलं तो जिन्यात उभा राहून वाचू शकतो, हवं तेव्हा उत्तर देऊ शकतो, किंवा देतही नाही.

त्याचं उत्तर साधारण तासाभरानं आलं. "ठीक आहे. वाईट वाटलं, पण सांगितलंस ते बरं केलंस. कारण विचारलं तर चालेल का?"

हा प्रश्न येतोच, आणि एवढ्या सभ्यपणे आला तर त्याला एकदा उत्तर द्यावं. इथं एक धोका असतो. विचारलंयच तर खरं सांगावं म्हणून माणूस शोधाशोध करतो आणि काहीतरी बारीकसारीक वर काढतो. तू थोडा जास्त शांत वाटलास, तुझ्या आवडी वेगळ्या आहेत, तू कामाबद्दल जास्त बोललास. यातलं काहीच खरं कारण नसतं, पण ते वाचणारा पुढच्या प्रत्येक भेटीत तेवढंच सांभाळत बसतो. मी लिहिलं, "तुझ्या बोलण्या-वागण्यात काही चुकलं नाही. चांगला माणूस भेटला असं वाटलं, पण ओढ वाटली नाही. याहून वेगळं कारण खरंच नाही." त्यावर तो म्हणाला, "समजलं. कुठं भेटलो तर ओळख दाखव म्हणजे झालं." मी "नक्की" लिहिलं आणि तिथं थांबले. खरं तर अजून दोन ओळी लिहाव्यात असं फार वाटत होतं, त्याला बरं वाटावं म्हणून. पण त्या क्षणी त्याला बरं वाटवणारी व्यक्ती मी नव्हते, आणि व्हायला गेले असते तर नाही म्हणालेलं पुन्हा धूसर झालं असतं. त्याचं स्टेटस पुढं काही दिवस मी बघितलं नाही. आपलं नाव बघणाऱ्यांच्या यादीत दिसलं तरी त्यातून अर्थ निघतात.

हे सगळं एवढ्या काळजीनं करायचं ते चांगल्या माणसासाठी, हेही सांगायला हवं. 'नाही' वाचल्यावर जो "एवढा भाव कशाला खातेस" म्हणतो, घराचा पत्ता काढतो, लागोपाठ फोन करतो, त्याला कारण देणं लागत नाही, दुसरं उत्तर देणंही लागत नाही. तिथं एकदा स्पष्ट नाही लिहावं, स्क्रीनशॉट ठेवावा, ब्लॉक करावं आणि घरात एका मोठ्या माणसाच्या कानावर घालावं. पुष्कळ मुली नाही म्हणायला का कचरतात याचं मूळ अशाच माणसांत आहे. एकाची भीती दुसऱ्याच्या वाट्याला येते आणि चांगल्या मुलालाही मग 'सध्या' आणि 'कदाचित' मिळतं.

ताईंना मी दुसऱ्या दिवशी सांगितलं, त्याला कळून गेल्यावर. आधी त्यांना सांगितलं असतं तर त्यांच्या तोंडून ते त्याच्यापर्यंत पोचलं असतं, आणि तसं पोचणं त्याला लागलं असतं. डबा खाताना त्यांनी विचारलंच, "काय बिनसलं गं? चांगला मुलगा होता."

"चांगलाच आहे," मी म्हटलं. "काही बिनसलं नाही. माझ्या मनानं घेतलं नाही एवढंच, आणि तसं मी त्याला कळवलंय."

"मग माझ्या भाचीचं विचारू का त्याच्याकडं?"

"विचारा की. पण लगेच या आठवड्यात नको. आणि विचाराल तेव्हा त्यात माझं नाव काढू नका."

ताईंनी मान हलवली आणि डब्यातली चटणी माझ्या पोळीवर वाढली.